उतरत्या ओळी

दादाने पुस्तकासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेतलं शेवटचं वाक्य असं होतं: ‘अखेरच्या दीड महिन्यात घरच्यांचं थोडं लक्ष असतं, तर बाबांनी ही वही स्वतःच्या हाताने पूर्ण केली असती.’

आता घरचे म्हणजे कोण? घरात बाबा होते आणि मी होते. एक मांजर यायचं, पण ते शेजाऱ्यांचं. तेव्हा हा चिखल कुणाच्या तोंडावर फेकलाय हे कळायला मेंदूचा डॉक्टर असण्याची गरज नव्हती. दादा मात्र आहे मेंदूचा डॉक्टर. चांगला नावाजलेला आहे. त्याच्याकडे दाखवायचं तर लोक महिनाभर आधी नंबर लावतात.

वाक्य वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवार होता, ग्रंथालय वाचकांसाठी बंद होतं, आणि तळमजल्यावरच्या माझ्या कामाच्या खोलीत मी एकटीच होते. सोमवारी पानं छापखान्यात जायची होती. त्याआधी शेवटची नजर टाकायला आणि बाबांची वही घेऊन जायला दादा दुपारी येणार होता. वही आता त्याच्याकडे राहणार, असं त्याने परस्पर ठरवलं होतं. “तुझ्याकडे ठेवलेल्या गोष्टींचं काय होतं ते बघितलं,” असं फोनवर म्हणालाही होता. मी तेव्हा शब्द गिळले. गिळलेले शब्द माझ्या पोटात कधीच पचत नाहीत.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. जुनी पुस्तकं, हस्तलिखितं, पत्रं यांचे फोटो काढायचे आणि ते वाचण्याजोगे करायचे. उघडं पुस्तक कधी सपाट नसतं. पान शिवणीकडे आत वळतं, त्यामुळे फोटोत ओळी तिथे वाकतात आणि अक्षरं दबतात. शिवणीच्या घळीत सावली पडते. कागद पिवळा, शाई फिकी. मग संगणकावर आधी सावली काढायची. कागद कुठे किती काळवंडलाय याचा अंदाज घेऊन तेवढा भाग उजळायचा, की सगळं पान सारखं पांढरं होतं. मग फिकी अक्षरं गडद करायची. आणि मग वाक काढायचा. वाक दोन प्रकारे काढता येतो. पानाच्या चारही कडा फोटोत असतील तर कडांवरून, आणि नसतील तर ओळींवरून. ओळींवरून काढताना संगणक अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघा शोधतो, त्या मुळात सरळच लिहिलेल्या असणार असं धरून चालतो, आणि जिथे त्या वाकलेल्या दिसतील तिथे पान ताणून त्यांना सरळ करतो. सव्वीस वर्षं मी हे करत्येय. माझ्या हातून गेलेलं पान स्वच्छ असतं, असं सगळे म्हणतात.

बाबा खिळे जुळवणारे होते. शिशाचं एकेक अक्षर उचलून पट्टीत लावायचं, ओळ भरायची, ओळीखाली ओळ. छत्तीस वर्षं छापखान्यात उभ्याने काम केलेलं. वाकडी ओळ त्यांना दुखणं असावं तशी खुपायची. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असेल तर जेवण सोडून उठायचे. लहानपणी आम्हाला त्यांनी रेघांची वही कधी दिली नाही. “रेघा म्हणजे कुबड्या,” म्हणायचे. कोऱ्या कागदावर सरळ लिहिता आलं पाहिजे. दादाला यायचं. मला यायचं नाही, मग मी माझं सगळं आयुष्य इतरांच्या ओळी सरळ करण्यात घालवलं, असं दादाच एकदा सगळ्यांसमोर हसत म्हणाला होता.

निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी बाबांनी छापखान्याच्या आठवणी लिहायला घेतल्या. जाड बांधणीची, कोऱ्या पानांची वही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख. दर रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात, आठवड्याची पानं फोनवर टिपायची. वही ग्रंथालयात नेऊ द्यायचे नाहीत. काचेखाली दाबूही द्यायचे नाहीत, “शिवण सुटेल.” मग मी फोन जवळ धरून फक्त मजकुराचा भाग टिपायची, पानाच्या कडा बाहेर राहायच्या. लगेच लॅपटॉपवर टाकायची, सगळ्या पानांवर एकदम सफाईचं संगणकी यंत्र फिरवायची, स्वच्छ झालेली पानं दादाला पाठवायची. बाबाही लॅपटॉपमध्ये डोकावून बघायचे. मग दादाचा फोन यायचा. बाबा त्याला पहिला प्रश्न ठरलेला विचारायचे, “ओळी कशा आहेत?” आणि दादाचं उत्तर ठरलेलं, “फुटपट्टीसारख्या, बाबा.” दोघं हसायचे. मी चहा गाळत असायची.

दोन महिन्यांपूर्वी बाबा न्हाणीघरात पडले. तिसऱ्या दिवशी गेले. कवटीच्या आत, मेंदूवर रक्त साचलं होतं. दादा पोहोचला, त्याने डोक्याचा फोटो दिव्यावर धरला आणि बाहेर येऊन नर्स, वॉर्डबॉय, कुणाकुणाच्या देखत म्हणाला, “हे आजचं रक्त नाही. महिना-दीड महिना थेंब थेंब साचतंय. वेळेत कळलं असतं तर छोटं भोक पाडून काढलं असतं, आठवड्यात घरी आले असते. आणि तू त्याच घरात राहत होतीस?”

होते. त्याच घरात राहत होते. शाईची बाटली काढताना बाबांना कपाटाचं दार डोक्याला लागलं, ते मला माहीत होतं. मी बर्फ लावला होता. “काही नाही गं, जरा ठेचलं,” म्हणाले. पुढे पंधरा-वीस दिवसांनी ते जरा गप्प झाले, संध्याकाळचं फिरणं सोडलं. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने फिरणं सोडलं तर मी काय समजायचं? मधेच चष्म्याचं खूळ काढलं. मी त्यांना दुकानात घेऊन गेले. चष्मेवाल्याने डोळे तपासले आणि सांगितलं, “आजोबा, नंबर तोच आहे.” बाबा त्याच्याशी हुज्जत घालायला लागले. शेवटी त्याच नंबरचा नवा चष्मा करून घेतला. आणला, घातला, वहीत बघितलं, काढून ठेवला. “यातूनही तसंच.” मी विचारलं, काय तसंच? “काही नाही.” मी वैतागून म्हणाले, “मग परत करा आणि मला कामाला जाऊ द्या.” मग चार दिवसांनी पडले.

हे मी दादाला सांगितलेलं नाही. त्याने विचारलं कुठे होतं? त्याने फक्त निकाल दिला होता. आता तो निकाल छापायचा होता, हजार प्रतींत, बाबांच्या अक्षराच्या आधी. कारण पुस्तक अक्षरं जुळवून नाही, बाबांच्या हस्ताक्षरातच छापायचं होतं. मी स्वच्छ केलेली पानं, जशीच्या तशी.

मी खुर्चीत बसून ते वाक्य तीन वेळा वाचलं आणि मग मला एकदम सुचलं. अरे, पानं तर याच्याकडे जात होती! दर रविवारी. मेंदूवर रक्त साचत असेल तर हात बदलतो, अक्षर बदलतं. हे मी नाही, यानेच मागे एका मुलाखतीत सांगितलंय, की पेशंटला पहिल्यांदा एक ओळ लिहायला लावतो. मग शहाण्या, तुझ्या बापाच्या ओळी दर आठवड्याला तुझ्या हातात होत्या. तुला काय दिसलं?

आमच्या खोलीचा नियम आहे, मूळ फोटोला हात लावायचा नाही. स्वच्छ केलेला वेगळा, मूळ वेगळा. घरच्या फोटोंनाही मी तोच नियम पाळला होता. मी मूळ फोटोंचा कप्पा उघडला. पडण्याआधीचे सात रविवार, एकेक करून.

पहिल्या दोन रविवारी काही नव्हतं. टेबलाची सावली, माझ्या हाताची सावली, शिवणीकडे वळलेल्या ओळी. नेहमीचंच. तिसऱ्या रविवारी उजव्या हाताच्या पानावर ओळींची शेवटची टोकं किंचित खाली झुकलेली. चौथ्या रविवारी झुकलेली दिसत होती, शोधावी लागत नव्हती. पाचव्याला ओळीच्या शेवटी अक्षरं बारीक होत गेलेली, दोन ओळी उजवीकडे एकमेकींच्या जवळ सरकलेल्या. सातव्या रविवारी तर ओळी डोंगर उतरावा तशा उतरत होत्या.

मी टेबलावर हात आपटला. खरंच आपटला, पेनं उडाली. सापडलास, दादा! सापडलास! सव्वा महिना हे तुझ्या डोळ्यांसमोर होतं. मला खरंच आनंद झाला. लाज वाटायला हवी, पण झाला. मी ती पाच पानं छापायला घेतली आणि त्यांच्याशेजारी लावायला, त्याला पाठवलेला पुरावा म्हणून, त्याच रविवारी पाठवलेली पानं उघडली.

ती सरळ होती.

पाचही. पांढरीशुभ्र, गडद काळी, फुटपट्टीसारखी. सातव्या रविवारच्या पानातही एक ओळ हललेली नव्हती. उजवीकडे अक्षरं बारीक होतायत म्हणजे फोन तिरका धरला असणार, असं समजून यंत्राने ती बाजू ताणून अक्षरं पुन्हा मोठी केली होती. हाताचा जोर कमी होऊन शाई फिकी उमटली होती, ती गडद केली होती. ओळी झुकल्या होत्या, म्हणजे कागद वाकला असणार. यंत्राला दुसरं काही माहीतच नव्हतं. कडा मी फोटोत घेतल्या नव्हत्या, कागदावर रेघा नव्हत्या. सरळ म्हणजे काय, हे विचारायला त्याच्याकडे बाबांच्या ओळींशिवाय काहीच नव्हतं.

पण यंत्राला कशाला बोलू? पान शिवणीकडे वाकतं, बाहेरच्या कडेकडे नाही. नवीन माणूस कामावर आला की मी त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवते. डाव्या पानावर ओळीचं शेवटचं टोक शिवणीकडेच येतं, तिथे गफलत होऊ शकते. पण उजव्या पानावर शिवण ओळीच्या सुरुवातीला असते. बाहेरची कड टेबलावर सपाट पडलेली असते. तिथे ओळ खाली गेली तर ती कागदाने नेलेली नसते, हाताने नेलेली असते. हे मला दिसायला हवं होतं. मूळ फोटो मी बघितलेच नव्हते. सगळी पानं एकदम टाकायची, एक बटण दाबायचं, झालेली पानं पुढे ढकलायची. आणि एखाद्या फोटोत बघितलंही असेल तरी मी म्हणाले असेन, कागद वाकलाय. बाबांची ओळ वाकडी जाईल हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

दादाला पकडायला निघाले होते आणि दारामागे मीच उभी होते.

मला रडू आलं नाही, राग आला. दादाचा जास्त आला. आता त्याला दाखवायलाच काही नव्हतं. उलट, त्याच्याकडे असलेली पानं त्याची साक्ष द्यायला तयार होती. मी मूळ फोटो पुसले असते तर कुणाला कळलं असतं? एक बटण. वही तो घेऊन जाणार, पण वही उघडून ओळींचे कोन कोण मोजतंय? त्याच्या लेखी मी निष्काळजी बहीण होते, तेवढीच राहिले असते. हे दुसरं त्याला कळायचं कारण नव्हतं. बोट बटणावर होतं, हे मी कबूल करते.

तेवढ्यात तो आला. वेळेच्या अर्धा तास आधी. हे त्याचं जुनं आहे.

“झालं का?” दारातूनच.

“बस.”

“बसायला नाही आलो. वही दे, पानं दाखव. प्रस्तावना वाचलीस?”

“वाचली.”

“काही बदल?”

“तुला काय वाटतं, मी काय म्हणणार? छान लिहिलीस? शेवटचं वाक्य तर काय, कोरून ठेवण्यासारखं.”

“खोटं आहे का ते?”

“तू वर्षातून दोनदा यायचास, दादा. लक्ष म्हणजे काय, हे तुझ्याकडून शिकू?”

“मी लांब होतो म्हणूनच जास्त लक्ष होतं.” तो आता टेबलाशी आला होता, आवाज चढला होता. “प्रत्येक पान मी दोनदा वाचायचो. अक्षर बघायचो. मुद्दाम बघायचो, माझा धंदाच आहे तो. ते गेल्यानंतरही मी ती पानं काढून बसलोय. कितीदा, माहित्येय? रोज. भिंग लावून. काहीतरी दिसेल म्हणून. थरथर, उतार, काहीही. नाही! शेवटच्या पानापर्यंत एक अक्षर हललेलं नाही. ते मला दर रविवारी विचारायचे, ओळी कशा आहेत, आणि मी सांगायचो, सरळ. कारण सरळ होत्या. म्हणजे हातात काही दिसत नव्हतं. जे दिसत होतं ते चालण्यात असणार, बोलण्यात असणार, झोपेत असणार. आणि ते तुझ्यासमोर होतं.”

हे सगळं तो मला झापण्यासाठी बोलत होता. पण भिंग लावून रोज बसायचं काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो दोन महिने त्या पांढऱ्या पानांतून स्वतःची सुटका करून घेत होता, आणि ती सुटका मीच त्याला करून दिली होती. मी गप्प बसले असते तर तो सुटलेलाच राहिला असता, आणि मला आयुष्यभर टोचत राहिला असता. माझ्यातल्या चांगुलपणाने नाही, माझ्यातल्या त्याच जुन्या खुन्नशीने मी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. मला ते एकटीला सहन होत नव्हतं आणि त्याला आरामात उभं असलेलं बघवत नव्हतं.

“हे मूळ फोटो,” मी म्हणाले. “मी सरळ करायच्या आधीचे.”

तो वाकला. डॉक्टर वाकतात तसा, हात मागे बांधून. पहिलं पान, दुसरं, तिसरं. चौथ्यावर त्याचे हात सुटले.

“हे काय आहे?”

“बाबांच्या ओळी.”

“मला जे पाठवलंस ते?”

“ते मी सरळ केलेलं.”

मग तो भलतंच बोलला. “नाही. कागद वाकलाय हा. तूच म्हणतेस ना, वही वाकते म्हणून. फोन तिरका धरला असशील. तू काहीतरी नीट धरतेस का कधी?”

मला हसू यायचं बाकी राहिलं. मघाशी त्याने मला फासावर चढवलं होतं आणि आता तो माझ्याच बाजूने वकिली करत होता. ओळी उतरल्या असतील तर त्याचं ‘सरळ’ खोटं पडत होतं ना!

“वही इथेच आहे,” मी म्हणाले. “बघू या. चारही कडा धरून फोटो काढू. कड सरळ आली आणि ओळ उतरली, तर कागदाचा दोष नाही.”

मी दोन्ही बाजूंचे दिवे लावले. वही कॅमेऱ्याखालच्या बैठकीवर ठेवली, सातव्या रविवारचं उजवं पान काढलं. दादाला म्हटलं, डावी बाजू उचलून धर. त्याने धरली. पन्नाशी उलटलेली दोन माणसं, एकमेकांकडे न बघता, बापाची वही धरून उभी. वर काच आणली आणि हळूहळू खाली दाबली. बाबांनी जन्मभर दाबू दिलं नाही ते. शिवणीतून टक् असा आवाज आला. एक दोरा तुटला.

“सांभाळून!” दादा ओरडला.

“तूच धरलंयस. मला ओरडू नको.”

फोटो पडद्यावर आला. पानाच्या चारही कडा काटकोनात, टेबलाच्या कडेला समांतर. सावली नाही, वाक नाही. मी कशालाही हात लावला नव्हता. आणि त्या चौकोनात बाबांच्या ओळी डावीकडून उजवीकडे खाली खाली जात होत्या, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी अक्षरं मिटत चालली होती.

दादाने मागची खुर्ची चाचपली आणि बसला. मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं, तारखांवर. त्याच्या पेशंटचे कागद वाचतो तसं वाचायला लागला, कुणाला उद्देशून नाही. “या तारखेला कळलं असतं. या तारखेलाही चाललं असतं. या तारखेलासुद्धा. इथे जरा उशीर, पण वाचले असते. हे शेवटचं… यातही, कदाचित.”

“बस कर.”

“तू हे सरळ केलंस,” तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. “माझ्यापर्यंत यायच्या आधी तू हे सरळ केलंस. मला एक पान, एकच पान जसंच्या तसं पाठवलं असतंस…”

“हो.”

“हो काय?”

“हो म्हणजे हो. काय म्हणू? माझ्या हातून झालं. मारतोस का?”

तो काही म्हणणार होता. पण त्याची नजर पडद्याच्या डाव्या टोकाला, शिवणीच्या घळीत गेली. फोनच्या फोटोत तिथे नेहमी काळी सावली असायची, आणि सावली पुसली की कोरा पांढरा पट्टा उरायचा. आज दोन्हीकडच्या दिव्यांनी ती घळ पहिल्यांदा उजळली होती. तिथे पेन्सिलीने, उभं, अगदी फिकं काहीतरी लिहिलं होतं.

बाबांची सवय. छापखान्यात मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, तपासताना शंका नेहमी शिवणीच्या बाजूला लिहायचे. बाहेरचा समास कटाईत जातो, शिवणीकडचं राहतं. पण ही मुद्रितं नव्हती, म्हणून तिथे बघावं असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या यंत्राने ते त्या रविवारी सावलीबरोबर धुऊन काढलं होतं.

मी फोटो आडवा फिरवला, मोठा केला. अक्षरं वेडीवाकडी होती, पण वाचता आली. मी वाचणार नव्हते. दादानेच वाचलं, मोठ्याने.

“‘मला ओळ उतरताना दिसते. मुलीच्या फोटोत बघितली, सरळ आहे. मुलाला विचारलं, तोही म्हणतो सरळ. तो डॉक्टर आहे. म्हणजे दोष माझ्या डोळ्यांचा. चष्मा बदलून घेणे.’”

दिवे मी बंद करायला हवे होते, शाईला उष्णता चांगली नाही. केले नाहीत.

“चष्मा?” दादाने विचारलं.

मग मी सांगितलं. दुकानाचं, हुज्जतीचं, तोच नंबर, नवा चष्मा. “यातूनही तसंच,” हेही सांगितलं. आणि मी काय उत्तर दिलं, तेही.

दादाने तोंडावर हात घेतला. मी त्याला रडताना शेवटचं कधी बघितलं होतं आठवत नाही. मी पुढे होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्यानेही माझ्याकडे बघितलं नाही. आमच्यात तसं काही नव्हतं आणि ते त्या दिवशी एकाएकी उगवणारही नव्हतं.

“हे मला का दाखवलंस?” मग तो म्हणाला. “मी सुखाने तुला शिव्या घालत बसलो असतो.”

“म्हणूनच.”

त्याने नाक पुसलं. उठला. टेबलावर त्याच्या प्रस्तावनेचा कागद होता, तो ओढून घेतला, खिशातून पेन काढलं आणि शेवटच्या वाक्यावर टेकवलं.

“पुस्तकात कुठली पानं जाणार?” त्याने विचारलं.

“उतरती. सावल्यांसकट. आणि हे पेन्सिलीचंही.”

“लोक म्हणतील, छपाई वाकडी आलीय.”

“म्हणू दे.”

त्याने मान हलवली. पेन अजून वाक्यावरच होतं, ते खोडायचं कसं हे त्याला सुचत नसावं. मी कागद त्याच्या हातातून काढून घेतला.

“ते वाक्य राहू दे,” मी म्हणाले. “शब्दही बदलू नकोस. घरच्यांचं लक्ष नव्हतं, हे खरंच आहे. आता त्यात तूही आलास.”

मी वहीवरची काच उचलली, तुटलेला दोरा बोटाने आत सरकवला आणि वही मिटली. दादाने ती मागितली नाही.